छतावरचा डाग आणि खर्चातला वाटा

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून झिरपणारे पाणी खालच्या घराच्या छतावर येते, तेव्हा ते सरळ थेंब होऊन क्वचितच पडते. आधी चुन्यावर चहा सांडल्यासारखी पिवळसर कड दिसते, मग रंग फुगतो, पोपडे निघतात आणि काही महिन्यांनी पांढरा भुरभुरीत लोणा धरतो. हा लोणा म्हणजे सिमेंटमधले आणि विटांमधले क्षार. पाण्याबरोबर ते खाली येतात आणि पाणी वाळले की छतावर मागे राहतात. लोणा दिसला, तर गळती आजकालची नाही, एवढे समजावे. डागाचा रंग तांबूस तपकिरी असेल आणि छतावर सरळ रेषेत चिरा असतील, तर पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोहोचलेले असते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहिल्यावर बद्द आवाज आला, तर त्या जागेखाली कोणी झोपू नये. ओल दिव्याच्या किंवा पंख्याच्या पॉइंटपर्यंत गेली असेल, तर त्या भागाची वीज आधी बंद करावी. वरच्या मजल्यावरची बोलणी त्यानंतर.

या बोलण्यांत एक अडचण सुरुवातीपासूनच असते. डाग खालच्याच्या घरात, कारण बहुधा वरच्याच्या जमिनीत आणि मधला स्लॅब दोघांचाही नाही. शिवाय वरच्या घरात सगळे कोरडे आणि चकचकीत असते. त्यामुळे तिथल्या माणसाला तक्रार अतिशयोक्तीची वाटते. “आमच्याकडे तर काहीच गळत नाही” हे वाक्य बहुतेक वेळा प्रामाणिकपणेच उच्चारलेले असते.

ते तसे का वाटते, हे बाथरूमची जमीन कशी बांधलेली असते ते पाहिल्यावर कळते. महाराष्ट्रातल्या शहरांत गेल्या काही दशकांत बांधलेल्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा फूटभर किंवा त्याहून थोडा अधिक खाली घेतलेला असतो. याला ‘संक’ म्हणतात. या खड्ड्यात सांडपाण्याचे पाइप बसवतात, विटांचे तुकडे सिमेंटमध्ये घालून कोबा करतात आणि वर टाइल्स लावतात. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या कोपऱ्यात पाणी साचू नये म्हणून सिमेंटची गोलाई काढतात. गवंडी तिला ‘वाटा’ म्हणतात. (खर्चातल्या वाट्याचा प्रश्न पुष्कळदा याच वाट्याला तडा गेल्याने उभा राहतो.) सांडपाणी जिथून खाली जाते तो जाळीखालचा भाग म्हणजे नहाणी ट्रॅप. आपली न्हाणी या नावाने इंग्रजी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत जाऊन बसली आणि प्लंबरच्या तोंडी ‘नानी ट्रॅप’ होऊन परत आली.

टाइल स्वतः पाणी अडवते, पण दोन टाइल्समधली फट अडवत नाही. त्या फटीतून रोज थोडे थोडे पाणी कोब्यात उतरते. खालचे वॉटरप्रूफिंग धड असेल तोवर ते कोब्यातच राहते आणि कोणाला काही कळत नाही. वॉटरप्रूफिंगला चीर पडली, की भरलेला संक खाली रिकामा होऊ लागतो. म्हणजे वरची जमीन कोरडी दिसत असतानाही तिच्या पोटात पाणी असू शकते आणि बाथरूमला कुलूप लावून कुटुंब गावी गेले तरी खाली चार-आठ दिवस ठिबकत राहू शकते. “आम्ही नव्हतोच, तरी गळत होते, मग ते आमचे पाणी कसे?” या प्रश्नाचे उत्तर हे आहे. जुन्या इमारतींत संक नसतो. तिथे वरच्या बाथरूमचे पाइप खालच्या बाथरूमच्या छताला लटकलेले असतात. त्या बाबतीत तपासणी बरीच सोपी असते, पण दुरुस्ती खालच्या घरातून करावी लागते, आणि खालच्याने पाइप झाकायला केलेले फॉल्स सीलिंग आधी उतरवावे लागते.

पाणी येण्याची कारणे मुख्यतः चार. नळाला पाणी पुरवणारा भिंतीतला पाइप, सांडपाण्याचा ट्रॅप किंवा त्याचा जोड, जमिनीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा सामाईक पाइप किंवा डक्टची भिंत. प्रत्येकाची चाल वेगळी असते. पुरवठ्याचा पाइप गळत असेल, तर पाणी स्वच्छ असते आणि आंघोळीच्या वेळेशी त्याचा संबंध नसतो. ट्रॅपचा जोड गळत असेल, तर आंघोळीनंतर थोड्याच वेळात ठिबक वाढते आणि पाण्याला साबणाचा किंवा गटाराचा वास येतो. वॉटरप्रूफिंग गेले असेल, तर थेंब नसतो, नुसती ओल पसरते. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल, तर वरच्या घराला दोष देण्यापूर्वी बाहेरची भिंत पाहावी. म्हणून तक्रारीआधीचा सर्वांत उपयोगी पुरावा अगदी साधा आहे. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तिच्याजवळ तारीख लिहावी आणि आठवडाभर ठिबकण्याच्या वेळा वहीत टिपाव्यात.

ही सगळी वाटचाल एका उदाहरणावर पाहू. इमारत डोंबिवलीतली, चार मजली, १९९४ साली बांधलेली, सहकारी गृहनिर्माण संस्था असलेली. खालची सदनिका २०२, वरची ३०२. उदाहरण कल्पित आहे आणि त्यातले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक आणि टाइल्सच्या निवडीप्रमाणे बदलतात.

२०२ मधल्या गृहस्थांनी पहिल्यांदा वर जाऊन तोंडी सांगितले. तोंडी सांगणे आवश्यकच असते, कारण शेजाऱ्याकडून थेट कागद आला की माणूस दुखावतो. पण तोंडी बोलण्याची तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही आणि काय ठरले याच्या दोन घरांत दोन आवृत्त्या होतात. म्हणून दोन दिवसांनी त्यांनी पत्र दिले.

“स. न. वि. वि.

रविवारी आपले बोलणे झाले, त्याप्रमाणे लिहीत आहे. आमच्या बाथरूमच्या छतावर डक्टच्या बाजूला सुमारे दोन फूट लांब ओल आली आहे. ४ फेब्रुवारीला खूण केलेल्या रेघेच्या पुढे ती ११ तारखेपर्यंत चार बोटे सरकली. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान थेंब पडतात, दुपारी थांबतात. फोटो सोबत आहेत, प्रत्यक्ष पाहायला केव्हाही या.

पाणी नेमके कुठून येते हे आम्हांला माहीत नाही. ते आपल्या बाथरूममधून येत असेल किंवा सोसायटीच्या पाइपमधूनही. म्हणून दोघांनी मिळून एकदा तपासणी करून घ्यावी, अशी विनंती आहे. सेक्रेटरींनाही बोलवू. तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा. कारण कोणते निघाले तर कोणी किती द्यायचे, हे तपासणीच्या आधीच बसून ठरवू. येत्या दोन शनिवारांपैकी आपल्याला सोयीचा कळवावा. काकूंचा गुडघा दुखतो हे ठाऊक आहे. बाथरूम बंद असेल त्या दिवशी आमचे बाथरूम वापरावे.

आपला,
सदनिका २०२

प्रत: सेक्रेटरी, माहितीसाठी”

या पत्रात ‘तुमच्यामुळे’ हा शब्द नाही. तारीख, जागा, वेळ आणि मागणी मात्र आहे. ‘लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी’ हे सरकारी वाक्य वरच्या माणसाला काहीच करायला सांगत नाही. दोन शनिवारांतून एक निवडायला सांगितले, तर उत्तर द्यावे लागते. ३०२ मध्ये भाडेकरू राहत असता, तर पत्र मालकाला आणि प्रत भाडेकरूला द्यावी लागली असती. जमीन फोडायची परवानगी भाडेकरू देऊ शकत नाही आणि बाथरूमचे दार मालक रोज उघडू शकत नाही.

पत्रातले कळीचे वाक्य वाटणी आधीच ठरवण्याचे. तपासणी होण्यापूर्वी दोष कोणाकडे निघेल हे दोघांनाही माहीत नसते, त्यामुळे दोघेही न्याय्य बोलतात. निकाल कळल्यावर तोच माणूस दुसरा हिशेब मांडू लागतो. ३०२ आणि २०२ मध्ये एका कागदावर असे ठरले: दोष सामाईक पाइपमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीत निघाला, तर दोघे मिळून संस्थेकडे जातील. दोष ३०२ च्या आतल्या पाइपमध्ये किंवा ट्रॅपमध्ये निघाला, तर ती दुरुस्ती ३०२ ने करायची. मूळचे वॉटरप्रूफिंगच संपलेले निघाले, तर तोडफोड आणि वॉटरप्रूफिंग यांचा पाव हिस्सा २०२ देईल. नव्या टाइल्स पूर्णपणे ३०२ च्या, कारण त्या त्यांच्या घराची शोभा आहेत. खालच्या छताचे प्लास्टर आणि रंग निम्मा-निम्मा. शेवटी एक ओळ: ही रक्कम शेजारधर्म म्हणून दिली आहे, तिच्यामुळे कोणी जबाबदारी मान्य केली असे होत नाही.

खालच्याने पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा रोख स्पष्ट आहे. सामाईक जलवाहिन्या, सांडपाण्याच्या सामाईक लाइन, गच्ची, त्यांतून होणारी गळती आणि छतांची संरचनात्मक दुरुस्ती हे संस्थेचे काम. त्या यादीबाहेरची सदनिकेतली दुरुस्ती त्या सदस्याची. त्या हिशेबाने वरच्या बाथरूममधल्या दोषासाठी खालच्यावर एक रुपयाचेही बंधन नाही, आणि वरच्याने दोन वर्षांपूर्वी स्वतः टाइल्स बदलताना वॉटरप्रूफिंग फोडले असेल, तर पाव हिस्सा देण्याचेही कारण नाही. पण १९९४ चे बिल्डरने केलेले काम तीस वर्षांनी संपले, यात ३०२ चा काही अपराध नाही. तीन आठवडे बाथरूमशिवाय काढण्याचा त्रास मात्र त्यांचाच. थोडा वाटा उचलून काम फेब्रुवारीत होत असेल, तर कागदावरचा हक्क धरून पावसाळ्यापर्यंत थांबण्यापेक्षा ते स्वस्त पडते. पावसात स्लॅब वाळत नाही, आणि आंघोळीचे पाणी कोणते आणि पावसाचे कोणते हेही सांगता येत नाही.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. जी चाचणी जमीन कमी भिजवते ती आधी. जमीन एकदा भिजली की पुढच्या चाचणीचा अर्थ लागत नाही.

शुक्रवारी रात्रीपासून ३०२ चे बाथरूम बंद ठेवले. शनिवारी सकाळी प्लंबरने नळाची लाइन दोन्ही टोकांना बंद करून हातपंपाने तिच्यात दाब भरला आणि काटा तासभर पाहिला. काटा खाली आला असता, तर दोष भिंतीतल्या पाइपमध्ये, आणि टाइल्सची जमीन फोडण्याची गरजच उरली नसती. काटा जागचा हलला नाही. पुरवठ्याची लाइन सुटली.

दुसरी चाचणी ट्रॅपची. तीन बादल्या पाण्यात खाण्याचा लाल रंग कालवून ते पाणी जमिनीवर न सांडता सरळ जाळीत ओतले. रंगपंचमीचा रंग वापरू नये, तो टाइल्सच्या फटींत कायमचा बसतो. खाली सेक्रेटरी स्टुलावर चढून टॉर्च धरून उभे होते. वीस मिनिटांनी डक्टजवळच्या कोपऱ्यात फिकट गुलाबी थेंब जमला. ट्रॅप आणि पाइप यांचा जोड फुटला आहे, एवढे नक्की झाले. रंग लगेच दिसला नाही, तर ‘दोष नाही’ असे मात्र म्हणता येत नाही. कोबा तो शोषून घेतो आणि कधी कधी दोन-तीन दिवसांनी सोडतो.

इथे बरेच जण थांबतात आणि ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स फोडून जोड बदलतात. महिनाभराने पुन्हा ओल येते, आणि ‘तुमच्या प्लंबरने’ विरुद्ध ‘तुमच्या शंकेने’ असे नवे भांडण सुरू होते. म्हणून तिसरी चाचणी केली, पाणी कोंडून ठेवण्याची. ट्रॅपच्या तोंडाला फुगवायचा रबरी बूच बसवून जमिनीवर सर्वांत उथळ जागी सुमारे एक इंच पाणी भरले. उंबऱ्याच्या वर ते जाऊ दिले नाही. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली. शेजारी एका परातीत पाणी ठेवून तिच्यातही खूण केली. चोवीस तासांनी परातीतले पाणी दोन मिलिमीटर उतरले होते, जमिनीवरचे सात. परातीतली घट म्हणजे वाफ, उरलेले पाच मिलिमीटर पाणी कोब्यात गेले. बूच झिरपत नाही ना, हे जाळी काढून पाहिले. त्याच रात्री खालची ओल पेन्सिलीच्या रेघेपुढे आणखी दोन बोटे गेली होती. जोडाबरोबर वॉटरप्रूफिंगही गेले होते.

अशा वेळी कंत्राटदार दोन सोपे उपाय सुचवतो. एक, टाइल्स न फोडता त्यांच्या फटींत इपॉक्सी भरणे. वरून जाणारे पाणी यामुळे खरोखर कमी होते आणि फटीच उघड्या पडल्या असतील तर हा उपाय पुरतो, पण टाइल्सखाली फुटलेला ट्रॅप यातून दुरुस्त होत नाही. दुसरा, खालच्या छतात भोके पाडून रसायन दाबाने भरणे. डाग त्या जागी थांबतो, पण संकमधले पाणी तसेच राहते आणि पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात वाट काढते. खालच्या माणसाला हा उपाय आवडतो, कारण त्याला वरच्याची परवानगी लागत नाही. तेवढाच त्याचा गुण.

३०२ मध्ये संक रिकामा करून काम केले. खर्च असा धरला: तपासणी ३,००० रुपये, तोडफोड आणि राडारोडा उचलणे ८,०००, नवा ट्रॅप आणि डक्टपर्यंतचा पाइप ६,०००, वॉटरप्रूफिंग आणि कोबा १८,०००, टाइल्स आणि मजुरी २०,०००, खालच्या छताचे प्लास्टर आणि रंग ७,०००. एकूण ६२,०००. ठरल्याप्रमाणे २०२ ने तपासणीचे निम्मे १,५००, तोडफोड आणि वॉटरप्रूफिंगच्या २६,००० चा पाव हिस्सा ६,५०० आणि छताचे निम्मे ३,५०० दिले, म्हणजे ११,५००. उरलेले ५०,५०० ३०२ चे, आणि त्यांतले वीस हजार त्यांनी निवडलेल्या टाइल्सचे. त्यांनी महागड्या टाइल्स घेतल्या असत्या, तरी २०२ चा आकडा बदलला नसता. दोन्ही घरांनी कंत्राटदाराला आपापला हिस्सा थेट दिला आणि पावत्या वेगळ्या घेतल्या. एकाने सगळे देऊन दुसऱ्याकडून मागत बसण्यापेक्षा हे बरे.

वरच्याने तपासणीलाच नकार दिला तर? तेव्हा पत्र सेक्रेटरीकडे जाते. उपविधींप्रमाणे सेक्रेटरी समितीच्या एका सदस्यासह, आधी कळवून, सदनिका पाहू शकतो. दार उघडणे हे सदस्याचे कर्तव्य आहे. पाहणीचा अहवाल समितीपुढे येतो, आणि जी दुरुस्ती सदस्याने करायची ती करण्याबद्दल त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस देता येते. त्यानेही भागले नाही, तर गळती आणि अंतर्गत दुरुस्तीचे वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात नेता येतात. तिथे तारखा पडत राहतात आणि दरम्यान सळई गंजत राहते. पण तिथे पोहोचलेल्याच्या हातात तारखांची वही, रेघेचे फोटो, पत्राची पोच आणि संयुक्त तपासणीची तयारी दाखवणारा कागद असला, तर ‘आम्हांला कोणी सांगितलेच नाही’ हा बचाव उरत नाही.

३०२ मध्ये नवा वॉटरप्रूफिंगचा थर बसला, पण त्यावर टाइल्स लगेच लावल्या नाहीत. थर पक्का झाल्यावर ट्रॅपला पुन्हा बूच लावून अठ्ठेचाळीस तास पाणी कोंडले आणि खालून दोन्ही घरांच्या माणसांनी पाहिले. ही दुसरी चाचणी बहुतेक कंत्राटदार गाळतात, कारण तिच्यासाठी काम दोन दिवस थांबते. ती टाइल्स लावण्यापूर्वी करायची असते, कारण नंतर चूक सापडली तरी ती दुरुस्त करायला नव्या टाइल्सच फोडाव्या लागतात.

खालच्या छताला रंग देण्याची घाई केली नाही. पोपडे खरवडले, लोणा कोरड्या ब्रशने झाडला (ओल्या फडक्याने पुसला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात) आणि छत महिनाभर उघडे ठेवले. डागाच्या सध्याच्या कडेने नवी रेघ मारून तारीख घातली होती. मार्चअखेरीस ओल त्या रेघेच्या बरीच आत सरकली होती आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हाताला छत कोरडे लागले. मग प्लास्टर झाले. ते वाळल्यावर रंगाचा हात फिरला.